परस्पर संमतीने घटस्फोट: सहा महिने नेमके कशासाठी, आणि न्यायाधीश काय तपासतात

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला बाँड पेपर. वर मोठ्या अक्षरांत 'फारकतनामा', खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. "मॅडम, आमचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली. आता दुसरं लग्न ठरलंय. मुलाकडचे कोर्टाचा कागद मागतायत. हाच तो कागद ना?" मला नाही म्हणावं लागलं. चार वर्षं त्या स्वतःला घटस्फोटित समजत होत्या आणि कायद्याच्या लेखी विवाहितच होत्या.

काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने ती राखून ठेवली आहे हे खरं. पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. बाकी सगळ्यांसाठी नोटरीकडची फारकत म्हणजे नुसता कागद. लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच संपतं.

दोघांचीही तयारी असेल तर हा हुकूमनामा मिळवायचा रस्ता म्हणजे कलम १३-ब. १९५५ च्या मूळ कायद्यात तो नव्हता, १९७६ च्या दुरुस्तीने आला. यात कोणी कोणावर आरोप करायचा नसतो. क्रूरता, व्यभिचार, सोडून जाणं, यातलं काहीही सिद्ध करायचं नसतं. म्हणूनच लोकांना वाटतं की दोघांनी सह्या केल्या की काम झालं, अर्ज आणि हुकूमनामा यांच्या मधले सहा महिने ही फक्त सरकारी रखडपट्टी. माझा अनुभव उलटा आहे. सहा महिन्यांमुळे अडलेली प्रकरणं मी थोडी पाहिली. ढिसाळ लिहिलेल्या अटींमुळे अडलेली पुष्कळ.

पुढचं सगळं हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल आहे, म्हणजे बौद्ध, जैन आणि शीख लग्नंही त्यात आली. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायद्याने लग्न केलं असेल तर कलम २८ लागतं, त्याची रचना जवळजवळ हीच. ख्रिस्ती, पारशी आणि मुस्लिम लग्नांचे नियम निराळे आहेत, गोव्याचा कौटुंबिक कायदाही निराळा. ते इथे घेत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक जोडपं कल्पनेतलं घेऊ. मीनल आणि सचिन. लग्न फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात. एक मुलगी, वय पाच. दोघांच्या नावावर एक फ्लॅट, त्यावर २२ लाखांचं कर्ज बाकी. १० जून २०२३ ला मीनल मुलीला घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. अर्ज दाखल केला ३ मार्च २०२५ ला.

एक वर्ष वेगळं राहणं म्हणजे काय

अर्ज दाखल करण्याच्या दिवशी तीन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात: दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत आहेत, एकत्र नांदणं त्यांना जमलेलं नाही, आणि लग्न संपवायचं असं दोघांनी मिळून ठरवलं आहे. शिवाय लग्नाला एक वर्ष व्हायच्या आत घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही, हा कलम १४ चा नियम वेगळा आहेच.

"वेगळं राहणं" म्हणजे दोन पत्ते असलेच पाहिजेत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या निकालात सांगितलं की एका छपराखाली राहूनही माणसं पती-पत्नी म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच आहे. मुंबई-पुण्यात दुसरं घर भाड्याने घेणं परवडत नाही म्हणून एक हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये अशी वर्षं काढणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना अर्ज करता येतो. फक्त अर्जात ते स्पष्ट लिहावं लागतं. पत्ता दोघांचा एकच आणि मजकूर "वेगवेगळे राहतात" असा असेल, तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारणार.

हे वर्ष अर्जाच्या लगेच आधीचं आणि सलग असावं लागतं. मीनल आणि सचिन समजा गणपतीत समेट होऊन दोन महिने पुन्हा एकत्र संसार करते झाले असते आणि मग पुन्हा फिसकटलं असतं, तर मोजणी त्या दुसऱ्या तारखेपासून सुरू झाली असती. मुलीच्या वाढदिवसाला एका टेबलावर जेवणं म्हणजे मात्र एकत्र नांदणं नव्हे.

म्हणून वेगळं झाल्याची तारीख ठरवताना घाई करू नका. "साधारण दीड वर्षापूर्वी" असं लिहू नका. दिवस, महिना, वर्ष लिहा आणि त्याला जुळणारा एखादा कागद जवळ ठेवा: भाडेकरार, मुलीच्या नव्या शाळेचा प्रवेश, बदललेल्या पत्त्याचं बँकेचं पत्र. ही एकच तारीख पुढे सहा महिन्यांच्या माफीपर्यंत कामाला येते.

अर्ज कुठे आणि कशासह

लग्न जिथे लागलं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा पत्नी सध्या जिथे राहते, त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज करता येतो. पुणे, मुंबई, नागपूर अशा ठिकाणी कौटुंबिक न्यायालय आहे. ते नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीच्या अर्जांना 'एफ' अक्षराचा क्रमांक पडतो. कोर्टाच्या आवारात कोणी "तुमचं एफ आहे का?" असं विचारलं तर गोंधळू नका.

दोघं अर्जदार असतात, एक क्रमांक एक आणि दुसरा क्रमांक दोन. वादी-प्रतिवादी असं काही नसतं. सोबत लग्नाचा पुरावा, दोघांची ओळखपत्रं, फोटो, प्रतिज्ञापत्रं आणि संमतीच्या अटी.

लग्नाचा पुरावा हा वाटतो तितका औपचारिक नाही. लग्न खरोखर विधिवत लागलं होतं याची खात्री करूनच हुकूमनामा द्यायचा, असं कलमातच लिहिलं आहे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लग्नपत्रिका आणि सप्तपदीचा एखादा फोटो लागतो. इथे आपल्याकडची एक खास अडचण उभी राहते. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. मृणाल', सासरी तांदळात लिहिलेलं नाव 'मीनल', आधार कार्डावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव, तर पॅन कार्डावर वडिलांचं. कागदोपत्री या तीन वेगळ्या बायका होतात. अर्जात सुरुवातीलाच "लग्नापूर्वीचं नाव अमुक, लग्नानंतरचं अमुक, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं एक वाक्य आणि त्याचं प्रतिज्ञापत्र घाला. नंतर पोटगीचा डिमांड ड्राफ्ट कोणत्या नावाने काढायचा हाही प्रश्न त्यातूनच सुटतो, कारण ड्राफ्टवरचं नाव बँक खात्याशी जुळलं नाही तर तो वटत नाही.

संमतीच्या अटी: खरं काम इथे आहे

अटींचा मसुदा हा या सगळ्या प्रक्रियेचा कणा. हुकूमनामा झाल्यावर या अटी त्याचा भाग बनतात आणि कोणी पाळल्या नाहीत तर त्यांच्याच शब्दांवर बोट ठेवून वसुली करावी लागते. आंतरजालावरून उतरवलेल्या मसुद्यात सहसा असं वाक्य असतं: "पती पत्नीस कायम पोटगीपोटी १८ लाख रुपये देईल." कधी देणार? कसे? नाही दिले तर? यावर न्यायाधीश तारीख देतात आणि मसुदा पुन्हा लिहून आणायला सांगतात.

मीनल आणि सचिनच्या अटीत हेच असं लिहिलं: "अर्जदार क्र. २ हे अर्जदार क्र. १ यांना कायम पोटगी म्हणून एकूण १८,००,००० रुपये पुढीलप्रमाणे देतील. ६,००,००० रुपये अर्ज दाखल करतेवेळी बँकेमार्फत. ६,००,००० रुपये पुराव्याचं प्रतिज्ञापत्र दाखल होईल त्या दिवशी. उरलेले ६,००,००० रुपये हुकूमनाम्याच्या तारखेस डिमांड ड्राफ्टने, न्यायालयासमोर."

तीन हप्ते का? कारण संमती शेवटच्या क्षणापर्यंत मागे घेता येते. सगळी रक्कम आधी दिली आणि पत्नीने माघार घेतली तर पतीला पैसे परत मिळवायला वेगळं भांडण करावं लागेल. सगळी रक्कम नंतर ठेवली तर हुकूमनामा हातात पडल्यावर पतीने चालढकल केली म्हणून पत्नी वसुलीच्या मागे फिरत राहील. हप्ते टप्प्यांना बांधले की दोघांचाही जीव सारखाच अडकलेला राहतो. कोणी माघार घेतलीच तर तोवर दिलेल्या रकमेचं काय करायचं, तेही एका वाक्यात लिहा.

स्त्रीधनाची यादी अटींसोबत जोडा. "सर्व दागिने परत मिळाले" असं मोघम नको. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, वजनासह, आणि ते कोणत्या तारखेला मिळाले ते. भांड्यांसाठी मात्र यादी करत बसू नका. मिक्सरवरून तीन तारखा गेलेलं प्रकरण मला माहीत आहे, आणि त्या तीन तारखांना वकिलाला दिलेल्या पैशांत दोन मिक्सर आले असते.

फ्लॅटचा विषय जरा निगुतीने हाताळावा लागतो. मीनल आपला अर्धा हिस्सा सचिनला देणार आणि कर्ज सचिन फेडणार असं ठरलं. यात दोन खाचा आहेत. पहिली बँकेची. "कर्ज पती फेडेल" हा नवरा-बायकोतला करार झाला, बँक त्याने बांधली जात नाही. हप्ते थकले तर बँक मीनललाही धरणार, तिची पतही बिघडणार. म्हणून बँकेला अर्ज करून सहकर्जदार म्हणून तिचं नाव कमी करून घ्यावं लागतं आणि बँक त्याआधी सचिनचा एकट्याचा पगार पुरेसा आहे का ते पाहते. हे अर्ज दाखल करण्याआधीच विचारून ठेवा. दुसरी खाच मुद्रांक शुल्काची. महाराष्ट्रात राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत त्या नात्यासाठी आहे. हुकूमनामा झाला की ते नातं संपतं. त्यामुळे हिस्सा द्यायचाच असेल तर बक्षीसपत्राची नोंदणी हुकूमनाम्याच्या आधी, आणि पैशांच्या दुसऱ्या हप्त्याच्या दिवशीच करणं उत्तम. सकाळी दुय्यम निबंधक कार्यालय, दुपारी कोर्ट. दगदग होते, पण कोणी कोणाच्या विश्वासावर उधार राहत नाही.

मुलीचा ताबा आईकडे, एवढं लिहून भागत नाही. वडील कधी भेटणार? "वडिलांना वाजवी भेट मिळेल" हे वाक्य मी मसुद्यात दिसलं की खोडते, कारण वाजवी म्हणजे काय यावर पुढची दहा वर्षं भांडता येतं. पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्यातले पंधरा दिवस. रोज रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉल. शाळेची फी कोण भरणार, आजारपणात खर्च कोणाचा, पासपोर्टसाठी दुसऱ्या पालकाची सही लागली तर ती किती दिवसांत द्यायची. यातलं पासपोर्टचं कलम लोक हमखास विसरतात आणि शाळेची परदेश सहल ठरली की माझ्याकडे धावत येतात.

एक गोष्ट अटीत लिहून उपयोग नाही: "पत्नी मुलीच्या पोटगीचा हक्क सोडत आहे." पत्नी स्वतःची पोटगी सोडू शकते. मुलीचा हक्क मुलीचा आहे, तो आईला सोडून देता येत नाही. मुलांच्या बाबतीत कोर्ट पुढेही कधीही अटी बदलू शकतं, कलम २६ त्यासाठीच आहे.

४९८-अ ची तक्रार, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, पोटगीचा दावा असं काही प्रलंबित असेल तर प्रत्येकाचा क्रमांक आणि त्याचं काय होणार ते लिहा. ४९८-अ चा गुन्हा नवरा-बायकोने आपसांत "मागे घेतला" म्हणून संपत नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे पत्नीला हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिचा शेवटचा हप्ता आणि हे प्रतिज्ञापत्र यांची सांगड आधीच घालून ठेवा.

पहिला दिवस आणि समुपदेशकाची खोली

अर्ज दाखल होताना दोघांनी हजर राहायचं असतं. ओळख पटवली जाते, सह्या तपासल्या जातात आणि प्रकरण विवाह समुपदेशकांकडे जातं. समेटाचा प्रयत्न करणं हे कौटुंबिक न्यायालयाचं कायद्याने ठरवलेलं काम आहे. लोक या भेटीला घाबरतात. आता पुन्हा नांदायला लावतील, असं बायकांना वाटतं, आणि आता लेक्चर मिळेल, असं पुरुषांना.

समुपदेशक आधी दोघांना वेगवेगळं बोलावतात, मग एकत्र. वकील आत नसतात. विचारतात ते साधं असतं. निर्णय कोणाचा? घरच्यांचा दबाव आहे का? पैशांचं ठरलंय ते तुम्हाला नीट कळलंय का? मुलीला काय सांगितलंय? या शेवटच्या प्रश्नाला अनेकांकडे उत्तर नसतं. मीनलसारखी एखादी इथेच रडते आणि तरीही निर्णय बदलत नाही. ते चालतं. रडणं म्हणजे संमती नाही असं कोणी समजत नाही. पण "आई म्हणाली सही कर म्हणून केली" असं उत्तर आलं तर समुपदेशक अहवालात ते लिहितात आणि न्यायाधीश तो अहवाल वाचतात.

सहा महिने, अठरा महिने

अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा कोर्टासमोर यायचं आणि आमचा निर्णय अजून तोच आहे असं सांगायचं. मीनल-सचिनसाठी ही तारीख ३ सप्टेंबर २०२५. वरची मर्यादा अठरा महिन्यांची, म्हणजे ३ सप्टेंबर २०२६. त्याच्या आत दोघं पुढे आलेच नाहीत तर कोर्टावर हुकूमनामा देण्याचं बंधन उरत नाही, आणि बहुधा पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो.

हा मधला काळ विचार बदलण्यासाठी ठेवलेला आहे, आणि कायदा तो गांभीर्याने घेतो. सुरेष्टा देवी निकालानेच स्पष्ट केलं की दोघांपैकी कोणीही एकजण हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेऊ शकतो. दुसऱ्याची परवानगी लागत नाही.

आणि गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. याचं उत्तम उदाहरण मुंबईचंच आहे. स्मृती पहारिया विरुद्ध संजय पहारिया या प्रकरणात पती शेवटच्या टप्प्यावर तारखांना आलाच नाही. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयाने त्याची संमती आधीच आहे असं धरून हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचंच म्हणणं कायम ठेवलं. संमती हुकूमनाम्याच्या दिवशीही जिवंत असली पाहिजे आणि ती कोर्टाला दिसली पाहिजे. तेव्हा "तो येणार नाही म्हणतोय, पण सही तर केलीय ना?" या प्रश्नाला उत्तर एकच: सही पुरत नाही.

सहा महिने माफ कधी होतात

१२ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात म्हटलं की हे सहा महिने पाळलेच पाहिजेत असे बंधनकारक नाहीत, योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं. पण चार गोष्टी पाहून. अर्जाच्या आधीच दोघं दीड वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत, म्हणजे मूळचं एक वर्ष आणि हे सहा महिने दोन्ही उलटून गेलेले असले पाहिजेत. समेटाचे सगळे प्रयत्न फसलेले असले पाहिजेत. पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर सगळे वाद खऱ्या अर्थाने मिटलेले असले पाहिजेत. आणि आणखी थांबण्याने फक्त त्रासच वाढणार, अशी स्थिती असली पाहिजे. अर्ज दाखल झाल्यावर एका आठवड्याने माफीचा अर्ज करता येतो.

मीनल-सचिनचा हिशोब करून बघा. १० जून २०२३ पासून दीड वर्ष १० डिसेंबर २०२४ ला पूर्ण झालं. अर्ज ३ मार्च २०२५ चा. पहिली अट सुटली. इथे कळतं की वेगळं झाल्याची तारीख नेमकी का हवी. समुपदेशकांचा अहवाल मार्चच्या शेवटी आला की समेट शक्य नाही, दुसरी सुटली. अटी सविस्तर, पहिला हप्ता दिलेला, तिसरीही सुटली. चौथ्या अटीसाठी त्यांनी अर्जात "आम्हाला लवकर मोकळं व्हायचं आहे" असं लिहिलं नाही, कारण ते तर सगळ्यांनाच हवं असतं. मीनलला बंगळुरूला नोकरी लागली होती आणि जूनपासून मुलीची शाळा तिथे सुरू होणार होती. नियुक्तीपत्र आणि शाळेची पावती जोडली. कारण असं कागदावर दिसलं की कोर्टाला माफी देणं सोपं जातं. तरीही हा हक्क नाही, कोर्टाचा विवेकाधिकार आहे, हे अशिलांना मी आधीच सांगून ठेवते.

तिसरी अट किती बारकाईने वाचली जाते ते २०२५ च्या एका गाजलेल्या प्रकरणात दिसलं. एका क्रिकेटपटूने पत्नीला ४ कोटी ७५ लाख देण्याचं कबूल केलं होतं, त्यातले सुमारे २ कोटी ३७ लाख दिले होते. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयाने, अटी पूर्ण पाळल्या गेल्या नाहीत म्हणून सहा महिने माफ करायला नकार दिला. मार्चमध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे माफी मिळाली. कारण अटींमध्येच लिहिलेलं होतं की उरलेली रक्कम हुकूमनाम्यानंतर द्यायची. म्हणजे अट मोडली नव्हती, तिची वेळच आली नव्हती. निकाल फिरला तो हप्ता केव्हा द्यायचा हे सांगणाऱ्या एका ओळीवर.

शेवटची तारीख: न्यायाधीश काय तपासतात

या दिवशी दोघांनी पुराव्याचं प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, ज्यात अर्जातल्याच गोष्टी शपथेवर पुन्हा सांगितलेल्या असतात. पुकारा झाला की दोघं समोर उभे राहतात. सुनावणी बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत होते, पण त्या मिनिटांत न्यायाधीशांना बरंच काही बघायचं असतं.

लग्न झालं होतं का, वर्षभर वेगळे होते का, अर्जातलं म्हणणं खरं आहे का, हे कागदांवरून कळतं. कागदावरून कळत नाही ती संमती. कलम २३ सांगतं की ती बळजबरीने, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दबावाने मिळवलेली नाही याची खात्री झाली पाहिजे. म्हणून प्रश्न थेट तुम्हाला येतो, वकिलाला नाही. "ही सही तुमचीच का? वाचून केली का? कोणी जबरदस्ती केली आहे का?" मराठीत विचारतात, मराठीत उत्तर द्या. अटी इंग्रजीत असतील आणि तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर मसुदा मराठीत समजावून सांगितला गेला आहे हे लेखी असू द्या. एका अशिलाला न्यायाधीशांनी विचारलं, "पोटगी किती ठरली?" ती वकिलाकडे बघायला लागली. त्या दिवशी हुकूमनामा झाला नाही.

हे संगनमत तर नाही ना, हेही पाहतात. परदेशी व्हिसासाठी किंवा कर्जदारांपासून मालमत्ता वाचवण्यासाठी कागदोपत्री वेगळं व्हायचं आणि घरी एकत्र राहायचं, असले प्रकार कोर्टाने पाहिलेले असतात. पत्नी गर्भवती नाही, असं एक वाक्य अर्जात असतं, त्याचंही कारण आहे: होणाऱ्या मुलाची सोय अटींत नसेल तर त्या अटी अपुऱ्या ठरतात. मुलांच्या ताब्याची कलमं वाचताना न्यायाधीश नवरा-बायकोच्या सोयीपेक्षा मुलाची सोय बघतात आणि कधीकधी तिथल्या तिथे बदल सुचवतात.

एकजण परदेशात असेल तर? अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या बऱ्याच मराठी मुलामुलींचा हा प्रश्न असतो. अमरदीप निकालातच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची आणि आई-वडील किंवा भावंडांमार्फत प्रतिनिधित्वाची मुभा कोर्टाच्या परवानगीने दिलेली आहे. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावं लागतं किंवा त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे परदेशातला कागद इथे खरा धरला जावा यासाठी तिथल्या सरकारचा शिक्का लागतो. पण कुलमुखत्यार म्हणून वडिलांनी सही केली तरी "तुमचा निर्णय बदललेला नाही ना" हे कोर्ट सहसा त्या व्यक्तीच्याच तोंडून, पडद्यावर का होईना, ऐकायचं म्हणतं. वेळेतला फरक आधी मोजा. पुण्यात सकाळी अकरा म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची रात्र.

२ मे ला मीनल आणि सचिनचा पुकारा झाला. ड्राफ्ट न्यायाधीशांनी पाहिला, नाव पाहिलं, मीनलच्या हातात दिला. एक प्रश्न सचिनला: मुलगी बंगळुरूला गेल्यावर महिन्यातले दोन शनिवार भेटणार कसे? अटीत पुण्याचाच विचार होता. दोघांनी तिथेच बाकावर बसून हाताने दुरुस्ती लिहिली, महिन्यातून एक पूर्ण शनिवार-रविवार, विमानाचं तिकीट सचिनचं, खाली दोघांच्या सह्या. हुकूमनामा झाला.

नंतरची कामं

हुकूमनाम्याची एक प्रत दोघांना मोफत मिळते, तो कलम २३ चाच नियम. त्याशिवाय दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. पासपोर्ट, बँक, विमा, शाळा, प्रत्येकाला दाखवावी लागते. अटींचा कागद हुकूमनाम्याला जोडलेला आहे ना, तेही तिथेच पाहून घ्या. तो सुटला तर पुढे वसुलीच्या वेळी अडतं.

दुसऱ्या लग्नाबद्दल: कौटुंबिक न्यायालयाने संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, असं त्या न्यायालयांच्या कायद्यात आहे. तरीही मी अशिलांना ९० दिवस थांबायला सांगते, कारण हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत तेवढी आहे आणि एखाद्याने संमतीच फसवणुकीने घेतली असा वाद काढला तर दुसऱ्या लग्नावर सावट नको.

त्या फारकतनाम्यावाल्या बाईंचंही शेवटी असंच झालं. पहिला नवरा सापडला, तो तयार होता, चार वर्षं वेगळं राहण्यात कोणाला शंकाच नव्हती. माफीचा अर्ज मंजूर झाला. जुना बाँड पेपर मात्र आम्ही फेकला नाही. वेगळं झाल्याच्या तारखेचा पुरावा म्हणून तो अर्जाला जोडला.